एका पेढीची आडवी रेषा की बाजाराचा उतरता वक्र: कधी काय काढायचं?

पूर्ण स्पर्धेच्या पाठात दोन आकृत्या शेजारी शेजारी असतात. डावीकडे बाजाराचा मागणी वक्र खाली उतरतो, उजवीकडे एका पेढीचा मागणी वक्र क्ष-अक्षाला समांतर असतो. वस्तू तीच आणि ग्राहकही तेच, मग आकार दोन का? परीक्षेत यातला कोणता काढायचा, हे ठरवण्याआधी दोन्हींमागचा प्रश्न वेगळा आहे हे पाहू.

बाजाराचा वक्र सांगतो की वस्तूची किंमत बदलली तर सगळे ग्राहक मिळून किती घेतील. वस्तू महागली की काहीजण कमी घेतात, काहीजण दुसऱ्या वस्तूकडे वळतात, म्हणून तो उतरतो. पेढीच्या वक्राचा प्रश्न निराळा आहे: बाकीच्या पेढ्या विकत असताना *माझ्याकडून* किती घेतील? इथे पर्याय म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, तर हुबेहूब तीच वस्तू विकणारी शेजारची पेढी. किंमत जराशी वाढवली की सगळे ग्राहक तिकडे जातात. आणि कमी तरी कशाला करायची? चालू किमतीला हवा तेवढा माल खपतोच आहे.

इथवर पाठ्यपुस्तकातही असतं. खरी शंका पुढे येते. पेढीने जास्त माल आणला तर एकूण पुरवठा वाढतो, मग किंमत उतरायला नको का? उतरते. किती, ते आकड्यांत पाहू.

समजा १,००० सारख्या पेढ्या आहेत आणि प्रत्येक पेढी १०० नग विकते. किंमत २०, एकूण विक्री १,००,००० नग. बाजाराची मागणी अशी आहे की किंमत १ ने उतरली की खप २,५०० नगांनी वाढतो. आता उत्पादन १० टक्क्यांनी वाढवायचं आहे. एकदा एकाच पेढीने, एकदा सगळ्यांनी.

| | एकच पेढी वाढवते | सगळ्या वाढवतात |
|---|---|---|
| बाजारात जादा माल | १० नग | १०,००० नग |
| नवी किंमत | १९.९९६ | १६ |
| एका पेढीची एकूण प्राप्ती (आधी २,०००) | सुमारे २,१९९.५६ | १,७६० |

पहिल्या रकान्यात किंमत ०.००४ ने उतरली. म्हणजे पेढीची रेषाही काटेकोर बोलायचं तर किंचित कललेली आहे, पण तो कल कागदावर काढता येणार नाही इतका बारीक आहे. शिवाय किंमत उतरताच बाकीच्या ९९९ पेढ्या आपला पुरवठा थोडा आखडतात, त्यामुळे उतार आणखी कमी भरतो. आपण आडवी रेषा काढतो ती यामुळे. दोन आकृत्यांचा क्ष-अक्षही एकसारखा नसतो, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: डावीकडे लाखांत मोजणी, उजवीकडे शेकड्यांत. उजवीकडची रेषा म्हणजे डावीकडच्या वक्राचा अगदी लहानसा तुकडा, आडवा ताणून मोठा केलेला.

माझ्या मते तक्त्यातली शेवटची ओळ सगळ्यात बोलकी आहे. एकटीने वाढवलं तर प्राप्ती जवळजवळ १० टक्क्यांनी वाढते, सगळ्यांनी वाढवलं तर प्रत्येकीची प्राप्ती घटते. एकीला खरं असलेलं सगळ्यांना लागू केलं की उत्तर चुकतं.

तेव्हा प्रश्नात ‘पेढी किती उत्पादन करेल’ असं असेल तर आडवी रेषा घ्या. तीच सरासरी प्राप्ती आणि तीच सीमांत प्राप्ती. ‘किंमत किती ठरेल’ किंवा ‘कर लावला तर काय होईल’ असं असेल तर उतरता वक्र. दोन्ही लागत असतील तर आधी बाजारात किंमत काढायची आणि मग ती पेढीच्या आकृतीत न्यायची. बाजाराची मागणी वाढली तर पेढीची रेषा वर सरकते, पण आडवीच राहते. आडवी म्हणजे कायमची स्थिर किंमत, असा अर्थ होत नाही.

एक हमखास चूक: १,००० आडव्या रेषांची बेरीज करून बाजाराची मागणी काढायला जाणं. ती बेरीज ग्राहकांच्या मागणी वक्रांची असते. पेढ्यांची बेरीज करायची ती पुरवठ्याची.

आडव्या रेषेला मर्यादा आहे ती पेढ्यांच्या संख्येची. वरच्याच बाजारात पाचच पेढ्या असत्या तर प्रत्येकीची विक्री २०,००० नग. एकीने १० टक्के वाढवलं आणि बाकीच्या हलल्या नाहीत, तर किंमत थेट १९.२० वर येते. तिची प्राप्ती ४,००,००० वरून ४,२२,४०० होते, म्हणजे जादा २,००० नगांवर नगामागे फक्त ११.२० ची भर, २० ची नाही. अशा पेढीसाठी उतरता वक्रच काढावा लागतो.