नावांची यादी का नाकारली: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

नमस्कार मॅडम,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यादी का पसंत पडली नाही ते मोकळेपणाने लिहून पाठवा, मग दुसऱ्या फेरीचं काम हातात घेते." म्हणून आमच्या मसाले-पिठांच्या ब्रँडसाठी तुम्ही सुचवलेल्या पाच नावांबद्दल हे पत्र.

नुसतं 'आवडलं नाही' म्हणून मी विषय संपवणार नाही. नकार कळवल्यानंतरही तुमच्या यादीतली दोन नावं, जिव्हाळा आणि उखळ, आम्ही प्रत्यक्ष पाकिटांवर लावून विकली. भाजणी आणि मेतकूट जिव्हाळा नावाने, गोडा मसाला उखळ नावाने. दिवाळीच्या प्रदर्शनापासून उन्हाळी वाळवणांचा सीझन संपेपर्यंत हे चाललं. साधं पाउच आणि त्यावर स्टिकर, एवढ्यावर भागवलं. छापील पाउच करायचं तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो. नाव बदललं की ते पैसे गेले. स्टिकर मात्र दुसऱ्या दिवशी बदलता येतो.

जिव्हाळा हे नाव घरात सगळ्यांना आवडलं होतं. कागदावर छान दिसतं, उच्चारायला गोड आहे, अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अडचण आली ती गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागवायला निघालं तेव्हा. आमचा निम्म्याहून जास्त धंदा परत मागवणाऱ्यांवर चालतो आणि ही माणसं आम्हाला मोबाइलवर शोधतात. मोबाइलवर मराठी माणूससुद्धा बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो.

प्रदर्शनात एका बाईंनी मेतकूट घेतलं आणि तिथेच उभ्या राहून इन्स्टाग्रामवर आम्हाला शोधायला लागल्या. त्यांनी Jivala लिहिलं. त्यांच्या मुलीने फोन घेऊन Jivhaala केलं. आमचं खातं Jivhala या नावाचं होतं. माझ्या सुनेने बिलाच्या मागे स्पेलिंग लिहून दिलं तेव्हा कुठे आम्ही सापडलो. शेजारच्या स्टॉलवाल्याने त्याच दिवशी Jiwhala लिहून पाहिलं. मुळात 'व्ह' हे जोडाक्षर इंग्रजीत कसं लिहायचं यावर दोन मराठी माणसांचं एकमत होत नाही, त्यात पुढे ळ. आमच्या गल्लीतल्या गुजराती वहिनी पाकीट हातात घेऊन सरळ 'जिवाला' वाचतात. बंगळुरूला कुणीतरी आमची भाजणी भेट म्हणून नेली. तिथल्या मंडळींना ती आवडली, पण शोधूनही आम्ही मिळेनात. शेवटी ज्याने नेली होती त्याच्याकडून त्यांनी नंबर मागून घेतला. असे किती जण मध्येच शोध सोडून देत असतील, हे मला कधी कळणारही नाही.

मी या एका गोष्टीवर अडून बसले आहे असं तुम्हाला वाटेल. तसं वाटलं तरी चालेल, माझ्यासाठी ही पहिली अट आहे. तुमच्या सादरीकरणात प्रत्येक नावाला अर्थ, भावना आणि रंगसंगतीचं एकेक पान होतं. नाव ऐकून लोक ते इंग्रजीत कसं लिहितील, याची एक ओळही नव्हती. मराठी नावात हे पाहावंच लागतं. त आणि ट दोन्हींना t, द आणि ड दोन्हींना d. ळ लिहायला अक्षरच नाही. दीर्घ आ कुणी एका a ने लिहितं, कुणी दोन. चहातला च आणि चमच्यातला च वेगळे, पण लिहिताना ch एकच. पुढच्या वेळी नाव सुचवण्याआधी ते फोनवरून दहा जणांना सांगा, त्यातले तीन-चार तरी अमराठी असू द्या, आणि त्यांना टाइप करून पाठवायला लावा. आठ-नऊ जणांचं स्पेलिंग सारखं आलं तरच ते नाव माझ्यापर्यंत येऊ द्या.

'शुद्ध परंपरा' हे नाव आम्ही लावून पाहिलंच नाही. शुद्ध म्हटलं की मालाचा गुण सांगितल्यासारखं होतं आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली त्यावर हरकत येऊ शकते. त्यावर 2018 चे खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांचे नियम आहेत. शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाचा शब्द ब्रँडच्या नावात असेल आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर 'हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही' अशा अर्थाची सूचना पाकिटावर किमान 3 मिलिमीटरच्या अक्षरात छापावी लागते. शंभर ग्रॅमच्या मेतकुटाच्या पाकिटावर हे वाक्य वाचून कोण घेईल? खाद्यपदार्थांची नावं सुचवणाऱ्या माणसाला हा नियम माहीत असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

'ट्रेडमार्क तपासले' या रकान्यात पाचही नावांपुढे तुम्ही बरोबरची खूण केली होती. आमच्या वकिलांनी शेवटचं नाव माझ्यासमोर नोंदणीच्या साइटवर टाकलं. जसंच्या तसं नाव शोधणाऱ्या Match With मध्ये काहीच आलं नाही. Phonetic शोधात मात्र तसाच उच्चार असलेलं, मसाल्यांचंच नाव समोर आलं. उच्चार सारखा असला तरी कलम 11 खाली अडवतात, अक्षरं हुबेहूब असावी लागत नाहीत. शिवाय तपास फक्त वर्ग 30 मध्ये झाला होता. मसाले आणि पिठं त्यात येतात, पण लोणचं वर्ग 29 मध्ये येतं, आणि आमच्या यादीत कैरी आणि लिंबाचं लोणचं आहे हे पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आमच्यासारख्या उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यवसायाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये पडते, म्हणजे दोन वर्गांचे 9,000. अर्ज नामंजूर झाला तरी हे परत मिळत नाहीत.

आता उखळबद्दल. यादी पाहिली तेव्हा हे नाव मला रुक्ष वाटलं होतं. विकताना माझं मत बरंच बदललं. लोक ते एकदा ऐकून लक्षात ठेवतात. ळ यातही आहे, पण इथे तो कमी नडला, कारण बहुतेक जण Ukhal असंच लिहितात, आणि हिंदीतही ऊखल म्हणजे तीच वस्तू. स्टॉलवर वयस्कर बायका नाव वाचून थांबायच्या, पाकीट उचलून वास घ्यायच्या. पाचांतलं सगळ्यात पक्कं नाव हेच, हे श्रेय तुमचं आहे.

तरी ते घेता येत नाही. वास घेतल्यावर त्याच बायका विचारायच्या, "उखळात कुटलाय का?" आमचा मसाला कांडप यंत्रावर होतो आणि आम्ही तसं सांगतो. सांगितलं की पाकीट हळूच खाली ठेवलं जायचं. जे नाव घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकापुढे खुलासा करावा लागतो ते मला नको. आमच्या भाजणीची खरी खूण म्हणजे प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजतो. नाव तिथून शोधा, भाजण्यातून, कुटण्यातून नको.

दुसऱ्या फेरीत पाच नकोत, तीनच नावं द्या. प्रत्येकाबरोबर लोकांनी टाइप केलेल्या स्पेलिंगचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही वर्गांतल्या Phonetic शोधाचे निकाल जोडा. ठरलेल्या फीचा उरलेला अर्धा हप्ता ही कागदपत्रं हातात आली की त्याच दिवशी जमा करेन, नाव पसंत पडो वा न पडो. गणपतीच्या आधी मिळालं तर दिवाळीचे पाउच छापायला टाकता येतील.

कळावे.