तीन असमानता की एकत्र केलेल्या दोन? बायनरी गुणाकाराच्या दोन मांडण्या

दोन बायनरी चलांचा गुणाकार `xy` रेषीय प्रतिमानात बसवताना त्याच्या जागी नवा चल `z` आणावा लागतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. प्रश्न उरतो तो `z` ला `x` आणि `y` शी कसे बांधायचे, याचा. `z >= x + y - 1` ही असमानता दोन्ही मांडण्यांत सारखीच असते. फरक वरच्या मर्यादेत आहे. एका मांडणीत `2z <= x + y` असे एकच बंधन असते, तर दुसरीत `z <= x` आणि `z <= y` अशी दोन स्वतंत्र बंधने असतात.

पहिली मांडणी आटोपशीर आहे, हे मान्य करावे लागेल. १०० चलांच्या सर्व जोड्या घेतल्या तर ४,९५० गुणाकार होतात. त्यांना एका मांडणीत ९,९०० असमानता लागतात आणि दुसरीत १४,८५०. संख्येकडेच पाहिले तर कोणीही पहिलीकडे झुकेल. मलाही ती दिसायला नीटस वाटते, पण तिच्यातली एक गोष्ट मला सतत खटकत राहिली, आणि माझ्यापुरता निर्णय त्या गोष्टीनेच केला.

समजा, पुणे–नाशिक रस्त्यावर भोसरी आणि चाकण येथे गोदामे उघडायची की नाहीत, हे ठरवायचे आहे. भोसरीचे गोदाम (`x`) दरमहा १० हजार रुपये मिळवून देते, चाकणच्या गोदामात (`y`) ३० हजारांचा तोटा होतो, पण दोन्ही उघडी असतील तर एकाच टेम्पोत भागते आणि २५ हजार वाचतात. म्हणजे `10x - 30y + 25z` ही राशी महत्तम करायची आहे. हातानेही उत्तर दिसते: दोन्ही उघडली तर निव्वळ ५ हजार, केवळ भोसरी उघडले तर १० हजार, म्हणून चाकण नको.

आता पूर्णांकाची अट क्षणभर बाजूला ठेवून, सॉल्व्हर सुरुवातीला करतो तसा, उरलेला निव्वळ रेषीय प्रश्न, म्हणजे एलपी, सोडवून पाहू. दोन असमानतांच्या मांडणीत `x = 1`, `y = 0` ठेवले तरी `z` ला `0.5` पर्यंत जाता येते, त्यामुळे न उघडलेल्या चाकणच्या नावावर साडेबारा हजारांची बचत जमा होते आणि वरची मर्यादा २२.५ हजार निघते. `x` आणि `y` दोन्ही पूर्णांक असूनही `z` अधांतरीच राहतो. म्हणून त्यालाही बायनरी घोषित करावे लागते आणि सॉल्व्हरला त्याच्यावर फांद्या फोडाव्या लागतात. `z = 0` च्या फांदीवर १० आणि `z = 1` च्या फांदीवर ५ मिळाल्यावर कुठे प्रश्न सुटतो. तीन असमानतांच्या मांडणीत मात्र `z <= y` असल्यामुळे पहिल्याच एलपीतून नेमके १० हजार येतात.

याचे कारण भूमितीत आहे. तीन असमानता आणि `z >= 0` मिळून `(0,0,0)`, `(1,0,0)`, `(0,1,0)`, `(1,1,1)` हे चार शिरोबिंदू असलेला चतुष्फलकच देतात. त्याहून घट्ट वेष्टन एका गुणाकारासाठी असूच शकत नाही. एकत्रित मांडणीत `(1,0,0.5)` आणि `(0,1,0.5)` असे दोन उपरे कोपरे शिरतात. ग्लोव्हर आणि वूल्सी यांनी १९७४ मध्ये दाखवल्याप्रमाणे तीन असमानतांत `z` सतत चल ठेवला तरी चालतो, कारण `x`, `y` ठरले की `z` आपोआप ठरतो. पायथनच्या `PuLP` संग्रहात हे असे लिहिता येते:

```
z = LpVariable("z", 0, 1)
m += z <= x
m += z <= y
m += z >= x + y - 1
```

येथील `0` गाळू नये. `PuLP` मध्ये खालची मर्यादा दिली नाही तर ती उणे अनंत धरली जाते, आणि `z` खर्चाच्या बाजूला असेल तर `x = y = 0` असताना तो `-1` पर्यंत घसरतो. उत्तरात ऋण गुणाकार दिसला की प्रथम हेच तपासावे.

आजचे सॉल्व्हर पूर्वप्रक्रियेत पुष्कळ काही स्वतःच घट्ट करून घेतात, त्यामुळे लहान प्रश्नांत हा फरक कदाचित जाणवणारही नाही. तरीही माझ्या अनुभवात गुणाकार वाढले की जास्तीच्या ओळींपेक्षा जास्तीच्या फांद्या महाग पडतात. शिवाय ओळींची संख्या कमीही करता येते: `z` फक्त उद्दिष्टात असेल आणि त्याचा लाभच होत असेल, तर `z >= x + y - 1` वगळता येते, कारण `z` स्वतःहून वर जातो. वरच्या उदाहरणात तसे करून पाहावे, उत्तर बदलत नाही. `z` दुसऱ्या एखाद्या बंधनातही येत असेल तर मात्र तिन्ही ठेवाव्यात.

एका ठिकाणी मी आग्रह धरणार नाही. सर्व गुणाकार केवळ खर्च म्हणूनच येत असतील, तर वरच्या मर्यादा कामालाच येत नाहीत आणि दोन्ही मांडण्या सारख्याच सैल ठरतात: `x = y = 0.5` ठेवून `z` शून्यावर बसतो. तेथे तीन-तीन चलांना जोडणारी `xi + xj + xk - zij - zik - zjk <= 1` ही त्रिकोण असमानता लागते, आणि ती दोन्हींपैकी कोणत्याही मांडणीवर चढवता येते.