रुबाटो घ्यायचा की लयच हळूहळू वाढवायची?
टिळकवाडीतल्या घरी आम्ही एक संथ पियानोगीत कानात ठोका देणाऱ्या क्लिकशिवाय रेकॉर्ड केलं. पहिल्या टेकमध्ये रुबाटो होता. उजवा हात वरच्या सुरावर रेंगाळायचा, पुढचे सूर जरा घाईने घेऊन उसना वेळ फेडायचा. डावा हात मात्र ठोक्यावरच. मोत्झार्टने 1777 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगितलंय. या टेकवर व्हायोलिन सहज बसलं, कारण डाव्या हाताला धरून टाळी देता येत होती.

दुसऱ्या टेकमध्ये ध्रुवपदाकडे जाताना लयच मिनिटाला 68 ठोक्यांवरून 74 वर नेली. म्हणजे चार मात्रांचे चार बार आधी 14.1 सेकंदांचे, नंतर जेमतेम 13 चे. गाण्याला उभारी आली, पण सगळी वाढ शेवटच्या बारमध्येच झाली आणि व्हायोलिन दर वेळी मागे पडलं. वाजवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, वळण आधी दाखवा की!"

तीच वाढ चार बारांत पसरली, तेव्हा त्या पहिल्याच फेरीत ठोक्यावर आल्या. ध्रुवपदासाठी मला हाच प्रकार आवडतो. कडव्यात मात्र रुबाटोच हवा, तिथे शब्दाला श्वास लागतो.