सरळ ३०% सूट की २०% वर आणखी १०%?

दप्तराची छापील किंमत ८०० रुपये, दोन्ही दुकानदारांची खरेदी ५०० रुपये.

पहिला सरळ ३०% सूट देतो. ८०० चे ३०% म्हणजे २४०. विक्री किंमत ८०० − २४० = ५६० रुपये.

दुसरा आधी २०% देतो, मग आणखी १०%. ८०० मधून १६० गेले, उरले ६४०. मुलं हमखास चुकतात ती इथेच: पुढचे १०% पुन्हा ८०० वर काढतात. ते ६४० वर काढायचे, म्हणजे ६४. विक्री किंमत ५७६ रुपये. तुमचंही उत्तर ५६० आलं, तर ही पायरी परत तपासा. गिऱ्हाइकाला पहिलं दुकान १६ रुपयांनी स्वस्त पडतं.

शेकडा नफा मात्र खरेदीवरच काढायचा. पहिल्याला नफा ६० रुपये: ६०/५०० × १०० = १२%. दुसऱ्याला ७६ रुपये, म्हणजे १५.२%.