पाचट न पेटवता ठेवलेला खोडवा: दहा महिन्यांचा अनुभव

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा एक एकर लागणीचा ऊस तुटला. को ८६०३२, साडेचार फुटी सरी, मध्यम काळी जमीन. टोळी बांधाबाहेर गेली तेव्हा रानात गुडघाभर पाचट होतं. आजवर त्याच संध्याकाळी काडी लावायची, हे ठरलेलंच. या वेळी पेटवायचं नाही असं मी घरात सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "पेटवल्याशिवाय खोडवा फुटत नाही. पाचटाखाली डोळे कुजतात."

अण्णांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तेच नीट समजून घ्यायला हवं. पाचट बुडख्यांवर तसंच राहिलं, तर ऊन पोहोचत नाही आणि फुटवे पिवळट, कमजोर निघतात. जाळल्यावर बुडखे आपोआप उघडे पडतात, म्हणून जळलेला खोडवा लवकर हिरवा दिसतो. आम्ही दोन दिवस चार माणसं लावून पाचट सरीत ओढलं आणि ओळीतले बुडखे मोकळे केले. मग धारदार कोयत्याने उंच राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटले. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बुडखा उंच राहिला तर वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात, त्यांची मुळं मातीत नीट जात नाहीत आणि पुढे तो ऊस लोळतो. छाटलेल्या बुडख्यांवर लगेच बुरशीनाशक फवारलं.

आता माझी चूक सांगतो. एकराच्या पाचटावर साधारण ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेलं ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. माझ्याकडे युरियाचं पोतं एकच होतं. ते वरच्या तीस गुंठ्यांत संपलं. खालचे दहा गुंठे नंतर बघू म्हणून राहिले, आणि आठ दिवसांत मी ते विसरून गेलो. फेब्रुवारीच्या मध्याला त्या दहा गुंठ्यांचा रंग वेगळा दिसायला लागला. पानं फिकट, फुटवे बारीक, आणि जिथे युरिया संपला तिथे दोरी धरल्यासारखी सरळ रेघ. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. ते कुजवणारे जिवाणू स्वतःची भूक भागवायला जमिनीतलं नत्र ओढून घेतात, आणि तेवढ्या काळात ऊस उपाशी राहतो. पाचट ठेवून ऊस पिवळा पडला अशी तक्रार करणाऱ्या कुणाच्याही रानात आधी हेच बघावं. युरिया उशिरा दिल्यावर रंग पंधरा दिवसांत परतला, पण गेलेले फुटवे आले नाहीत. परवा दहा फूट ओळीतले ऊस मोजले: वर ४४, खाली ३७. एकराला हिशेब केला तर साधारण ४३ हजार आणि ३६ हजार.

दुसरी अडचण उसाला द्यायच्या खताची. पाचटावर खत फेकून उपयोग नाही, ते वरच अडकतं. बगला फोडणंही होत नाही. म्हणून पहारीने बुडख्यापासून वीतभर लांब, तेवढंच खोल आणि फुटाफुटावर भोक पाडून खत घालायचं आणि मातीने बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी ओळीच्या दुसऱ्या बाजूला. एकरात साडेनऊ हजारांवर भोकं होतात. एक माणूस पहार मारतो, दुसरा खत घालतो. मजुरी चांगलीच लागते, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती मजुरी माझी पाण्यात आणि भांगलणीत भरून निघाली. पहिलं पाणी मात्र सरीत पाचट तरंगून तुंबतं आणि शेवटापर्यंत जायला दुप्पट वेळ घेतं. पाणी चालू असतानाच पाचट पायाने दाबत गेलो, तेव्हा ते बसलं. एप्रिलमध्ये शेजारच्या उघड्या खोडव्याला नऊ दिवसांनी पाणी लागत होतं. माझ्या रानात चौदाव्या दिवशीही पाचट बाजूला केलं की हाताला ओल लागायची. तीन भांगलणींच्या जागी एक झाली. फक्त हरळी आणि लव्हाळा पाचटातूनही वर येतात, ते खुरप्यानेच काढावे लागले.

मार्च ते मे आगीची धास्ती होती. शेजारी कुणी पेटवलं आणि वारा फिरला तर सगळा खोडवा जाईल. म्हणून बांधाकडच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून मोकळा पट्टा ठेवला, आणि शेजारच्या तात्यांना पेटवायच्या आदल्या दिवशी सांगायची विनंती केली. त्यांनी सांगितलंही.

पाणी साचणाऱ्या चोपण रानात हे करू नये. तिथे पाचटाखाली ओल हटत नाही आणि मुळं गुदमरतात. लागणीच्या उसातच काणी किंवा गवताळ वाढ जास्त असेल, तर खोडवाच ठेवू नये. पाचटाने तो रोग बरा होत नाही.

ऑगस्टमध्ये पाचट हातात चुरडलं तर काळपट भुगा होत होता, वाढ्याचे जाड तुकडे तेवढे शिल्लक होते. खाली गांडुळांची विष्ठा दिसली. अण्णा बांधावरून उतरून आत आले, मातीचं ढेकूळ फोडून बघितलं आणि म्हणाले, "पलीकडच्या वीस गुंठ्यांचंही ठेवूया." तो ऊस डिसेंबरात तुटेल. त्यासाठी युरियाची पोती आधीच आणून ठेवली आहेत.