केबलच्या पॅकचे 4,800 रुपये आणि बॉक्सवरचा परका नंबर

आमच्या वडगावात, म्हणजे बेळगावातल्या वडगावात, आठ वर्षं एकाच केबलवाल्याचा मुलगा महिन्याला पैसे न्यायला यायचा. त्यानं मला 4,800 रुपयांना फसवलं. लिहिताना अजून हात थरथरतो. आमच्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांनी त्याला असेच पैसे दिले होते आणि लाजेनं गप्प बसली होती. मी गप्प बसणार नाही.

जूनमध्ये तो आला तेव्हा मला भिशी लागून दोनच दिवस झाले होते. "वहिनी, सुटी चॅनेलं आता कोण घेतंय? एक-एक घेतलं की महाग पडतंय. पॅक घ्या की. मराठी, कन्नड, हिंदी, स्पोर्ट्स, मुलांचा, सगळे मिळून 435. वर्षाचं एकदम भरलं तर 400 नं लावतो." मी 4,800 मोजून दिले. पावती मागितली, तर लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर '4800, जून ते मे' असं लिहून दिलं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, यजमान उद्यमबागेत फौंड्रीत रात्रपाळीला. त्या गडबडीत, आठ वर्षं घरात चहा पिणाऱ्या पोराकडं कोण संशयानं बघेल?

पण एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. मी म्हटलं, माझा मोबाईल नंबर लिहून घे. तो म्हणाला, "नको वहिनी, बॉक्सला आमचाच नंबर टाकलाय. ओटीपी-बिटीपीचा त्रास तुम्हाला कशाला?" मला ते सोयीचं वाटलं! केबलवाला ज्या मोठ्या केबल कंपनीचं कनेक्शन देतो, तिचा मेसेज रिचार्ज झाल्यावर बॉक्सवर नोंदलेल्या नंबरला जातो. किती रुपयांचा, कुठले पॅक, किती तारखेपर्यंत, सगळं त्यात असतं. ते सगळं त्याच्या खिशात जात होतं. आज उठून पहिलं काम हेच करा. बॉक्सवर कुणाचा नंबर आहे ते कंपनीला विचारा आणि स्वतःचा नोंदवून घ्या.

ऑगस्टमध्ये लेकीचं कार्टून बंद झालं, मग क्रिकेट, मग कन्नड. फोन केला की "पाऊस बघा की केवढा लागलाय." पावसानं केबल गेली तर सगळीच चॅनेलं जातात, निवडून तीन जात नाहीत. शिवाय स्क्रीनवर `Not Subscribed` असं स्वच्छ लिहून येत होतं. म्हणजे पैसेच भरलेले नव्हते. मराठी तेवढं त्यानं चालू ठेवलं होतं, कारण सासूबाईंच्या मालिका थांबल्या असत्या तर घरात त्याच दिवशी बोंब झाली असती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बॉक्सच बंद. ऑफिसला कुलूप. एरिया त्यानं दुसऱ्याला विकला होता आणि नवा माणूस म्हणाला, "पैसे त्यानं घेतले, आमच्याकडं नोंद नाही."

बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर नंबर असतो. तो सांगून मी कंपनीकडून रिचार्जचा हिशेब काढायला लावला. हे कळायला मला चार महिने लागले की वर्षाचे पैसे आपण भरले म्हणून बॉक्स वर्षभर भरला जात नाही. आमचा बॉक्स दर महिन्याला तीसच दिवसांसाठी भरला जात होता, उरलेली रोकड त्याच्याकडं. जून-जुलैत पाचही पॅक होते. नेटवर्कचे, म्हणजे चॅनेलं कुठलीही घेतली तरी लागणारे, 130, मराठी पॅक 33, दुसऱ्या वाहिनी कंपनीचं एक मराठी चॅनेल सुटं 19, कन्नड 30, स्पोर्ट्स 30, मुलांचा 10, हिंदी 18. एकूण 270, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 318 रुपये 60 पैसे. माझ्याकडून 400. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फक्त नेटवर्क, मराठी पॅक आणि ते एक सुटं, मिळून 214 रुपये 76 पैसे. चार महिन्यांत बॉक्सवर पडले 1,066 रुपये 72 पैसे. गेले 3,733 रुपये 28 पैसे.

आणि सुटी चॅनेलं महाग पडतात हे तरी खरं होतं का? त्या रात्री वही घेऊन बसले. रिमोटवर गाईड उघडलं की पैशाच्या चॅनेलपुढं महिन्याची किंमत दिसते. घरात कोण काय बघतं तेवढंच लिहिलं. सासूबाईंची मराठी तीन, 19, 12 आणि 19. लेकीला शाळेत कन्नड आहे म्हणून कन्नड एक, 19. कार्टून 6, क्रिकेट 19. बेरीज 94. नेटवर्कचे 130 मिळवून 224, जीएसटीसह 264 रुपये 32 पैसे. बातम्या आणि सह्याद्री फुकटच. म्हणजे खऱ्या दरानंही पाच पॅक महिन्याला 54 रुपये 28 पैसे जास्तीचे पडत होते, ते न बघितलेल्या चॅनेलांसाठी. हिंदी तर आमच्याकडं कुणी लावतच नाही.

पॅक नेहमीच वाईट असतो असंही नाही, हे मला मान्य करावं लागेल. त्या मराठी पॅकमध्ये आठ चॅनेलं होती, सुटी घेतली तर 60 रुपये. पॅकवर 45 टक्क्यांपर्यंतच सूट देता येते, तेवढी देऊन तो 33 ला बसत होता. आमची त्यातली दोन सुटी घेतली तर 31. म्हणजे दोन रुपयांत बाकीची सहा मिळतात, तो पॅक घ्यावा. पण स्पोर्ट्समध्ये एकाच चॅनेलसाठी 19 ऐवजी 30 का मोजायचे? आणि 'मराठी पॅक' म्हणजे सगळी मराठी चॅनेलं असं समजू नका. वाहिनी कंपनीचा पॅक असेल तर त्यात तिचीच चॅनेलं असतात, दुसऱ्या कंपनीचं वेगळंच घ्यावं लागतं. सुटी चॅनेलं मिळत नाहीत असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय. निवड ग्राहकाची, हा नियम 2019 पासून लागू आहे. नेटवर्कच्या 130 ची कमाल मर्यादा मात्र 2024 मध्ये उठली, तेव्हा तो आकडा आधी विचारून घ्या.

तक्रारीचं काय सांगू! पोलीस ठाण्यात म्हणाले, पावती कुठाय? पत्रिका दाखवली तर साहेब हसले, "यावर सही कुठाय? हे तुमचं आपसातलं." कंपनीच्या फोनवर वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग "लोकल ऑपरेटरशी बोला." अहो, तोच तर पळालाय! एका कार्यालयात अर्ज मराठीत आहे म्हणून परत केला. शेजारच्या मुलीकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, तर टेबल बदललं, साहेब मीटिंगमध्ये, सोमवारी या. तीन सोमवार गेले, शिलाईचं काम सोडून. ट्राय, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम करणारी सरकारी संस्था, एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडंच पाठवते, हेही तिथं कुणी सांगितलं नाही, मलाच शोधावं लागलं. शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथं तक्रार नोंदली आणि नंबर मिळाला. तुम्हीही आधी कंपनीकडं तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवा, मग थेट तिथंच फोन करा.

रोख देऊ नका. दिली तर कंपनीच्या नावाची पावती घ्या, तारखेसकट. वर्षाचे तर मुळीच देऊ नका.

नव्या माणसाकडं आता महिन्याचेच भरते, त्याच्या हातात नाही, कंपनीच्या ॲपवरून. मराठी पॅक आणि बाकीची सुटी, जीएसटी धरून 266 रुपये 68 पैसे. परवा मेसेज माझ्या मोबाईलवर आला, तो मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. ती लग्नपत्रिका मी तक्रारीच्या कागदांना पिनेनं लावून ठेवली आहे. त्याला ओळखणारं वडगावात, शहापुरात कुणी असेल तर त्याला सांगा, माझे 3,733 रुपये 28 पैसे मी मागणारच आहे.