पहिला सीझन खो-खोचा घ्यावा की कबड्डीचा?

वार्षिक क्रीडा महोत्सवात तीन दिवस धूळ उडते, बाकी वर्षभर पी.टी.च्या तासाला चेंडू फेकून दिला की काम झालं. याला कंटाळून पूर्ण सीझन चालवायचं ठरवलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. कल्पना अमेरिकेतल्या ओहायोचे प्राध्यापक डॅरिल सीडेनटॉप यांची, 1980च्या दशकातली. वर्गाचे कायमचे संघ पाडायचे, तेच संघ वीसेक तास एकच खेळ खेळतात, आणि कर्णधार, पंच, गुणलेखक, आकडेवारी ठेवणारा ही सगळी कामं मुलंच करतात. शिक्षक बाजूला उभा.

आमच्याकडे आठवीचे 48 विद्यार्थी, मुलं-मुली मिळून. 12 जणांचे चार संघ केले. आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास, दिवाळीची सुट्टी संपल्यापासून दहा आठवडे, म्हणजे 20 तास. पहिले चार नियम आणि कौशल्यांचे, पुढचे तीन सरावसामन्यांचे, मग प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा, असे 12 सामने, आणि शेवटच्या तासाला अंतिम सामना. दोन संघ खेळतात तेव्हा तिसऱ्याची ‘ड्युटी’, चौथा बाजूला सराव करतो. हे वेळापत्रक दोन्ही खेळांना सारखंच बसतं. मी एक वर्ष कबड्डी घेतली, पुढच्या वर्षी खो-खो. खरा फरक मला खेळात कमी आणि मुलांच्या कामांत जास्त दिसला.

आधी जमिनीचं. आपली काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि जानेवारीपर्यंत दगडासारखी होऊन तडकते. कबड्डीत पकड झाली की चार जण अंगावर पडणार, त्यामुळे मैदान मऊच लागतं. आम्ही तापीच्या गाळाची एक ट्रॉली टाकली, तरी दर आठवड्याला खणून, पाणी मारून घ्यावं लागे. खो-खोला दोन खांब आणि फक्कीची पिशवी पुरते. सूर मारायला मात्र पहिल्या सीझनला बंदी ठेवा. गुडघे सोलले की पालक शाळेत येतात.

दुसरी गोष्ट मुलं-मुली एकत्र खेळण्याची. सीझनमध्ये संघ मिश्र असले तरच ते बरोबरीचे होतात. खो-खोत नुसता हात लागला की बाद, त्यामुळे कोणाचीच अडचण होत नाही. कबड्डीत पकड आली. आमच्या गावात आठवीच्या मुलामुलींनी एकमेकांना कवेत धरणं चालणार नव्हतं, आणि मुलींनाही ते नको होतं. शेवटी मुलांचे दोन आणि मुलींचे दोन संघ झाले. मग वेळापत्रक उरतं कुठे? मुलांचे दोनच संघ तेच तेच सामने खेळत राहतात. नुसत्या मुलांचा किंवा नुसत्या मुलींचा वर्ग असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता पंचाचं काम. पहिल्या सीझनचा निर्णय मी प्रामुख्याने यावरून घेईन.

कबड्डीत चढाई करणारा मध्य रेषेवर परत येतो आणि म्हणतो, दोघांना लागलं. समोरचा म्हणतो, ‘सर, हात लागनाच नही!’ तेरा वर्षांच्या पंचाने हे अर्ध्या सेकंदात बघायचं, जोडीला दम म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’चा उच्चार तुटला का तेही ऐकायचं. झटापट होण्याआधी राखीव पट्ट्यात पाय गेला तर खेळाडू बाद, झटापट सुरू झाल्यावर तोच पट्टा मैदानात धरतात, हेही डोक्यात ठेवायचं. आमच्या सरावसामन्यांत पंच माझ्याकडे बघायचा आणि सगळे खेळाडूही माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की तो शिट्टी वाजवायचा. म्हणजे पंच मीच होतो, फक्त शिट्टी त्याच्या तोंडात होती. त्यात धोकाही आहे. पायांची कैची घालणं किंवा तोंड दाबून दम तोडणं हे फाउल पंचाला दिसता क्षणी थांबवता आले पाहिजेत. ज्याला ओरडायची भीती वाटते तो मुलगा इथे उशीर करतो.

खो-खोत वादाच्या जागा वेगळ्या आहेत. बाद झालं की नाही यावर भांडण क्वचितच होतं. चुका होतात त्या आक्रमकाच्या. बसलेला खो मिळायच्या आधीच उठतो, धावणारा एक दिशा धरल्यावर उलटा वळतो, मध्य पाटीत पाय पडतो, खो पाठीमागून न देता बाजूने दिला जातो. या चुका जमिनीवरच्या रेषांशी आणि ठरलेल्या जागांशी बांधलेल्या आहेत, त्यामुळे बघायचं कुठे हे मुलाला सांगता येतं. मध्य पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच उभा करा आणि त्याला बजावा, ‘तू फक्त तुझ्या बाजूच्या पाटीकडे बघ.’ फाउल झाला की शिट्टी, आणि त्या फाउलमध्ये कोणी बाद झाला असेल तर तो बाद धरायचा नाही. तिसऱ्या सामन्यापर्यंत आमचे पंच माझ्याकडे बघेनासे झाले. सुरुवातीला सगळे फाउल एकदम देऊ नका. पहिले दोन सामने फक्त लवकर उठणं आणि दिशा बदलणं, बाकीचे पुढे.

आकडेवारी ठेवणाऱ्याला आमच्या मुलांनी ‘आकडेवाला’ नाव दिलं होतं. गावात आकडा म्हटला की भलताच अर्थ निघतो, म्हणून आम्ही ‘नोंदकार’ म्हणायला लागलो. खो-खोत त्याचं काम घड्याळाचं असतं: कोण किती वेळ पळला. दिसायला सोपं आहे, पण एक ठरलेली चूक सगळेच करतात.

आम्ही पाळी चार मिनिटांची ठेवली होती. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात. एका पाळीत पहिली तुकडी 0:35, 1:10 आणि 1:50 ला बाद झाली. दुसरी लगेच उतरली, त्यातला एक 2:15 ला बाद, दुसरा 3:05 ला, तिसरी मुलगी 4:00 ला पाळी संपेपर्यंत नाबाद. नोंदकाराने कागदावर घड्याळात दिसलं तेच लिहिलं: 2:15, 3:05, 4:00. कर्णधाराने तो कागद बघितला आणि खूश झाला, ‘आपली दुसरी तुकडी जबरी आहे, सगळे दोन मिनिटांच्या वर!’

दुसरी तुकडी मैदानात आली तीच 1:50 ला. ते वजा केलं की पहिला मुलगा 25 सेकंदच टिकला, सगळ्यांत कमी. दुसरा 1 मिनिट 15 सेकंद. ती मुलगी मात्र 2 मिनिटं 10 सेकंद, आणि तीही नाबाद. तक्त्यात ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोन रकाने पाडले आणि तिसरा वजाबाकीचा. दुसऱ्या दिवशी कर्णधाराने तिला पहिल्या तुकडीत आणलं आणि 25 सेकंदवाल्याला तिसऱ्यात, जी बऱ्याचदा उतरतच नाही. निर्णय कर्णधाराचा, पण तो निघाला नोंदकाराच्या कागदातून. कर्णधार आणि नोंदकार यांची गाठ पडायला हवी ती इथे. बाद केलेल्यांचे गुण मोजणं तर अगदी साधं. वरच्या पाळीत पाच बाद, म्हणजे समोरच्या संघाला पाच गुण.

कबड्डीतली नोंद जास्त रंगतदार असते, हे कबूल करतो. आठ-आठ मिनिटांच्या दोन डावांत आमच्याकडे चाळीसेक चढाया होत. प्रत्येकीला कोण गेला, किती गुण आणले, की पकडला गेला, हे लिहायचं. एका सामन्याच्या कागदावर एका संघाच्या 21 चढायांपैकी 17 कर्णधाराने स्वतः केलेल्या निघाल्या. गुण सहा, पकडला गेला पाच वेळा. ज्याला तीनदाच पाठवलं त्या पोराने दोन गुण आणले होते. तीन चढायांवरून काही ठरत नाही, पण कर्णधार तो कागद बघून गप्प झाला. अडचण वेगाची. चढाई संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, आणि खाली बघून लिहिणाऱ्याची पुढची चढाई हुकते. दोघं लागतात, एक बघून बोलणारा, एक लिहिणारा. त्यात बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत यायचे, म्हणून त्यांना ओळीत बसवायला आणखी एक मुलगा प्रत्येक बाजूला लागतो. बोनस तर पहिल्या वर्षी ठेवूच नका. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तो मिळतो, आणि ते सहा की पाच हे मोजेपर्यंत भांडण पेटलेलं असतं.

किती मुलं खेळतात तेही बघा. 12 जणांच्या संघातले कबड्डीत सात मैदानात, पाच बाहेर. खो-खोत नऊ मैदानात, तीन बाहेर. ज्यांना खेळायला कमी मिळतं ती मुलं ड्युटीलाही टाळाटाळ करतात, हा माझा अनुभव.

खान्देशातली एक अडचण दोन्ही खेळांना सारखीच आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते आणि मंगळवारी हजर असलेला पंच शुक्रवारी शेतात असतो. म्हणून प्रत्येक कामाला जोडीदार नेमा आणि ड्युटीचे गुण द्या. आमच्याकडे विजयाला 2, बरोबरीला 1, आणि ड्युटी वेळेवर व नीट केली तर त्या संघाला 1. पहिल्या फेरीत एक संघ दोन सामने जिंकूनही तिसरा होता, कारण त्यांची ड्युटी दोनदा बुडाली होती. पुढच्या वेळी नोंदकार वेचणीला जाणार होता, तर त्याने आदल्या संध्याकाळी जोडीदाराच्या घरी जाऊन तक्ता पोचवला. सीझन मार्चपर्यंत लांबवू नका. सकाळची शाळा सुरू झाली की तास तुटतात आणि ऊन सोसवत नाही.

मिश्र वर्ग, कडक मैदान आणि याआधी कधी शिट्टी हातात न घेतलेली मुलं असतील तर खो-खो घ्या. फक्त मुलांचा किंवा मुलींचा वर्ग, गाळाची माती टाकायची तयारी आणि एखादा सीझन पंचगिरी केलेली मुलं असतील तर कबड्डी. माझ्याकडे आता तीच आठवी नववीत गेली आहे, मुलं आणि मुली वेगळ्या तुकड्यांत, आणि यंदा मी परत कबड्डीकडे वळतोय. पहिल्या तासाला खेळाडूंना मैदानावर सोडणार नाही. पंचांना बोलावून, दोन मुलांना सावकाश कैची घालायला लावून, ती नेमकी कुठल्या क्षणी दिसते हे शिट्टी हातात देऊन दाखवणार आहे.